खात्यातली बोगस मोजमापं वर कळवली तर भावाला कायद्याचं संरक्षण मिळेल का?

सावनी_के

माझा धाकटा भाऊ राज्य सरकारच्या एका खात्यात शाखा अभियंता आहे. खात्याचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काही महिन्यांपूर्वी तो नव्या उपविभागात आला. तिथल्या एका रस्त्याचं काम आधीच्या अभियंत्याच्या काळात उरकलंय, फक्त अंतिम बिल बाकी आहे. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीमध्ये, डांबरी थराची जाडी 50 मिमी लिहिलेली आहे. भावाने कडेला दोन-तीन ठिकाणी उकरून पाहिलं तर ती 30 च्या आसपास भरली. आता अंतिम मोजमाप त्याच्या सहीने जायचंय आणि उपअभियंता साहेब त्याला म्हणतात, "मागच्या नोंदी तशाच पुढे ओढ आणि सही कर."

तो सही करायला तयार नाही. त्याला हे नीट वर कळवायचंय. मी वाचलं की जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी 2014 चा कायदा आहे, तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तक्रार केली म्हणून त्रास दिला तर ती कारवाई रद्द होऊ शकते. आई-बाबा घाबरलेत, त्यांचं म्हणणं गप्प बस. मला एवढंच विचारायचंय की या कायद्याखाली तक्रार केली तर तो खरोखर सुरक्षित राहील का? कोणी हे स्वतः केलंय का?

राजेश_वि

सावनीताई, काळजी करू नका. कायदा संसदेत मंजूर झालाय, राष्ट्रपतींची सही झालीय. भावाने दिल्लीला केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार पाठवायची, पाकिटावर पीआयडीपीआय लिहायचं. नाव गुप्त राहतं. आमच्या ओळखीत एकाने केलंय, काही झालं नाही.

जुना_टिपणीकार

राजेशराव, तुमच्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि यांच्या भावाला त्यातली एकही लागू नाही. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, बरीच वर्षं आस्थापनेत काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

2014 चा कायदा लोकसभेने डिसेंबर 2011 मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारी 2014 मध्ये मंजूर केला. मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या दिवसापासून तो अमलात येईल. ती अधिसूचना निघालेलीच नाही. 2015 मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं. माहिती अधिकारात जी माहिती नाकारता येते, साधारण त्याच प्रकारच्या दहा बाबी त्यात तक्रारीतून वगळल्या होत्या. शिवाय शासकीय गुपिते कायद्याखाली खटला भरायला मुभा ठेवली होती. लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत अडकलं आणि 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. मूळ कायदा आहे तसा पडून आहे. तीन वर्षं कैद, 50,000 रुपये दंड, हे सगळं छापलेलं आहे, पण ते वापरून आज कोणालाही दाद मागता येत नाही.

राजेशराव म्हणतात ते पीआयडीपीआय म्हणजे 2004 चा केंद्र सरकारचा ठराव. तो चालू आहे. पण तो केंद्राचे कर्मचारी, केंद्राचे उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका वगैरेंपुरता. राज्य सरकारच्या अभियंत्याविरुद्धची तक्रार दक्षता आयोगाच्या अधिकारात येत नाही. सावनीताई, तुमच्या भावाने तिकडे पाकीट पाठवलं तर काही हाती लागणार नाही आणि मधले महिने जातील.

राजेश_वि

ही अधिसूचनेची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. आमच्या ओळखीचे गृहस्थ केंद्राच्या उपक्रमात होते, म्हणून त्यांचं जमलं असेल. पण इतकी वर्षं कायदा नुसता पडून राहू शकतो? त्याविरुद्ध कोणी कोर्टात जात नाही का?

जुना_टिपणीकार

जातात. पण कायदा कधी लागू करायचा हे संसदेनेच सरकारच्या हातात दिलेलं असलं, की अमुक तारखेला लागू कर असा आदेश द्यायला न्यायालयं सहसा तयार नसतात.

माळरान

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टच्या दुरुस्तीत पैसे खाल्ले. मी उपनिबंधकांकडे अर्ज केला तर दुसऱ्या दिवशी माझ्या अर्जाची झेरॉक्स सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती. पार्किंगही काढून घेतलं. मलाही हे संरक्षण मिळेल का? मी सरकारी नोकरीत नाही.

जुना_टिपणीकार

माळरान, तुमचा त्रास खरा आहे, पण तो सहकार कायद्याचा विषय. सोसायटीचा सेक्रेटरी लोकसेवकांच्या या यंत्रणेत बसत नाही. उपनिबंधक कार्यालयातून अर्ज बाहेर कसा गेला, याबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहीन.

अनघा_बँकेतली

मी स्वतः पीआयडीपीआय केलंय. सरकारी बँकेत अधिकारी आहे, बँक कोणती ते सांगत नाही. सावनी, तुझ्या भावाला हा मार्ग नसला तरी माझा अनुभव सांगते, कारण गुप्तता कुठे गळते हे त्यातून कळेल.

मी नियमाप्रमाणे सगळं केलं. पाकिटावर नाव नाही, नाव आणि पत्ता आत वेगळ्या कागदावर, तक्रारीच्या मजकुरात 'मी' कुठेच नाही, कोणालाही प्रत नाही. दुसरीकडे प्रत पाठवली तर ती साधी तक्रार धरतात. काही आठवड्यांनी आयोगाचं पत्र घरी आलं, ही तक्रार तुम्हीच केलीय का आणि दुसरीकडे कुठे केलीय का, एवढं विचारणारं. मी कबुली पाठवली. इथपर्यंत यंत्रणा उत्तम चालली. आयोगातून माझं नाव फुटलं असं मला आजही वाटत नाही.

पुढे आयोगाने आमच्याच बँकेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडून अहवाल मागवला. दक्षताची माणसं शाखेत आली आणि थेट एका कर्जदाराचं तारण मूल्यांकन, त्यातही दुसरा मूल्यांकन अहवाल, एवढंच मागितलं. पहिला अहवाल फाईलमधून काढून दुसरा लावला होता, हे फक्त दोघांना माहीत होतं. एक शाखाप्रमुख आणि दुसरी मी. फाईल टेबलावर आली त्या क्षणी सगळ्या शाखेला कळलं.

मग वार्षिक बदल्यांच्या यादीत माझं नाव आलं, दुसऱ्या राज्यात. मी आयोगाला संरक्षण मागितलं. आयोगाने पुन्हा बँकेलाच विचारलं आणि बँकेने कळवलं की ही नेहमीची प्रशासकीय बदली आहे, यादीत इतरही पुष्कळ नावं आहेत, आणि तक्रारदार कोण हे आम्हाला माहीतच नाही. या शेवटच्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्यावर आरोप झाला त्याला किरकोळ शिक्षा झाली. मी अजून बाहेरच आहे.

जुना_टिपणीकार

अनघाताई, ज्या वाक्याला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, तिथेच हे सगळे कायदे बसतात. त्यावर जरा थांबून लिहितो.

कायदा एकाच माणसाला दोन वचनं देतो. एक, तुझं नाव कोणाला कळू देणार नाही. दोन, तक्रार केली म्हणून तुला कोणी छळलं तर तुला वाचवेन. पण तक्रार केली म्हणूनच छळ झाला हे सिद्ध करायचं तर छळणाऱ्याला तक्रारदार कोण हे माहीत होतं, हे आधी दाखवावं लागतं. नाव गुप्त ठेवलंय, तर साहेब निवांत सांगतात, मला काय माहीत कोणी केली. म्हणजे पहिलं वचन जितकं नीट पाळलं जाईल, तितकं दुसरं मागणं अवघड होतं. आणि गुप्तता मजकुरातूनच गळली असेल, तर ती कोणी फोडली असंही म्हणता येत नाही. तीन वर्षांची कैद कोणाला देणार?

2014 च्या कायद्यात यावर अर्धा उपाय होता. बदली किंवा कारवाई ही छळवणूक नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर टाकली होती. ती तरतूद चांगली होती. पण 'छळवणूक' म्हणजे काय याची व्याख्या दिली नाही आणि शब्द असे वापरले की 'केवळ तक्रार केली या कारणावरून' कारवाई झाली असेल तरच संरक्षण. आस्थापनेत काम केलेला माणूस तुम्हाला सांगेल, 'केवळ' या कारणावरून कधीच काही होत नाही. दौऱ्याची डायरी उशिरा दिली असते, जुनी आगाऊ रक्कम समायोजित झालेली नसते, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या कामावर लेखापरीक्षणाचा आक्षेप असतो. प्रत्येक आदेश स्वतःपुरता नियमातच बसतो. मी असे आदेश टंकलिखित होताना पाहिलेत. टिपणीत तक्रारीचा शब्दही नसतो, 'प्रशासकीय निकड' असते.

आणखी एक. ज्याने त्रास थांबवायचा आदेश द्यायचा, त्याचा आदेश खात्याने मानला नाही तर कायद्यात दंड किती? 30,000 रुपयांपर्यंत. उलट तक्रार जाणूनबुजून खोटी ठरली तर तक्रारदाराला दोन वर्षांपर्यंत कैद.

आदित्य_पी

हे सगळं वाचून संताप आला. सत्येंद्र दुबेंना याच लोकांनी मारलं. पंतप्रधानांना पत्र लिहिलं, पत्र ठेकेदाराकडे पोहोचलं आणि ठेकेदाराने गोळी घातली. सावनीताई, तुमच्या भावाने गुप्त बिप्त काही करू नये. त्या रस्त्याचा व्हिडिओ काढून टाकावा, एका रात्रीत व्हायरल होईल. लोकांच्या नजरेत आलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही.

जुना_टिपणीकार

आदित्य, दुबेंबद्दलचा राग समजतो, पण ते प्रकरण जसं घडलं तसंच सांगायला हवं.

दुबे आयआयटी कानपूरचे स्थापत्य अभियंते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या झारखंडमधल्या कोडरमा इथल्या कामावर होते. मोठ्या कंपन्यांनी घेतलेली कामं कुवत नसलेल्या छोट्या ठेकेदारांकडे वळवली जातात, प्रकल्प अहवाल निकृष्ट आहेत, हे त्यांनी नोव्हेंबर 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवलं. नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती आणि स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर दिली होती. ते पत्र नावासकट मंत्रालयात आणि तिथून प्राधिकरणात गेलं. एकेका टेबलावर शेरे पडत ते त्यांच्याच खात्यात परत आलं. पुढे त्यांची गयेला बदली झाली. 27 नोव्हेंबर 2003 ला पहाटे, वाराणसीहून लग्न आटोपून परतताना, गया स्टेशनहून घरी जाताना रिक्षात त्यांना गोळी घातली.

सीबीआयचा निष्कर्ष लुटीचा होता आणि 2010 मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने त्याच आधारावर तिघांना जन्मठेप दिली. अनेकांना तो निष्कर्ष पटला नाही, तो वाद अजून आहे. पण ठेकेदाराने मारलं हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. जे निर्विवाद आहे ते पत्राचं. त्यात कोणी लाच घेऊन नाव विकलं असं नव्हतं. आलेलं टपाल संबंधित विभागाकडे 'पुढील कार्यवाहीस्तव' पाठवायचं, ही रोजची पद्धत तेवढी पाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर 2004 चा ठराव आला आणि बंद पाकिटाची पद्धत त्यातूनच सुरू झाली.

आदित्य_पी

मान्य, लुटीचं मला माहीत नव्हतं. पण व्हिडिओबद्दलचं माझं मत कायम आहे. आपल्याकडे विजय पांढरेंचं उदाहरण घ्या. मुख्य अभियंता असताना सिंचन प्रकल्पांवर पत्र लिहिलं, ते बाहेर आलं, सप्टेंबर 2012 मध्ये उपमुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. बंद पाकिटाने हे झालं असतं का?

खडी_आणि_डांबर

मी निवृत्त उपअभियंता. पांढरेसाहेब मुख्य अभियंता होते, नाशिकच्या प्रशिक्षण संस्थेत होते, राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीवर होते. त्यांच्या सहीची एमबी कुठल्या ठेकेदाराकडे अडकलेली नव्हती. तरी त्यांनी पुढे मुदतीआधी स्वेच्छानिवृत्ती घेतलीच. शाखा अभियंता व्हिडिओ टाकेल तर दुसऱ्या दिवशी वर्तणूक नियमांखाली निलंबन, आणि मग चर्चा रस्त्याची राहत नाही, परवानगी न घेता प्रसारमाध्यमांकडे का गेलास याची होते.

सावनी, आता कामाचं बोलतो. तुझा भाऊ कुठे उभा आहे हे इथे कोणी विचारलं नाही. अंतिम मोजमापावर सही अजून केलेली नाही ना? हे सगळ्यात महत्त्वाचं. एमबीतल्या नोंदीवर शाखा अभियंत्याची सही, त्यावर उपअभियंत्याची तपासणी, मग कार्यकारी अभियंता बिल मंजूर करतो. चौकशी लागली की वरचे दोघं सांगतात, आम्ही मोजमाप करणाऱ्यावर विसंबलो. पहिला आरोपी सही करणारा होतो. माझ्या नोकरीत मी दोघं पाहिले, ज्यांनी आधी दबावाखाली सह्या केल्या आणि मग तक्रार केली. दोघांवरच विभागीय चौकशी बसली, तक्रार त्यांचीच असताना. त्यांनी खरं सांगितलं होतं, पण कागदावर खोटी नोंद त्यांचीच होती.

म्हणून त्याने तक्रार करण्याआधी आपलं रोजचं काम लेखी करावं. उपअभियंत्याला साधं पत्र: अमुक कामाचं अंतिम मोजमाप घेण्यापूर्वी थराची जाडी तपासण्यासाठी कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेले नमुने, घ्यावेत, दर इतक्या अंतरावर, गुणनियंत्रण प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीसमोर. त्यात आरोप नाही, 'भ्रष्टाचार' नाही, 'साहेब म्हणाले' नाही. कार्यालयात देऊन आवक क्रमांक आणि तारीख पडलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. त्याने कडेला उकरून पाहिलं, त्याचा मोजमाप म्हणून उपयोग नाही. कडेला थर तसाही पातळ असू शकतो, ठेकेदाराचा वकील पहिलं हेच सांगेल. मधल्या भागातला कोअरच टिकतो.

सावनी_के

सही केलेली नाही, काका. मी आत्ताच त्याला फोन करून विचारलं. पण तो म्हणतो की असं पत्र दिलं की तो उघडाच पडला. मग गुप्त तक्रारीला अर्थ काय राहिला?

खडी_आणि_डांबर

तो उघडा पडलेलाच आहे गं. त्या एमबीला हात लावणारी तीन माणसं आहेत, त्यातला एक बदलून गेला आणि एक सही कर म्हणतोय. उद्या निनावी तक्रार आली तरी सगळे त्याच्याकडेच बघतील. फरक एवढाच की तेव्हा त्याच्या हातात तारखेचा कागद नसेल.

जुना_टिपणीकार

खडीसाहेबांशी सहमत, एक भर घालतो. वरिष्ठाला दिलेलं असं पत्र जागल्यांच्या कुठल्याच व्यवस्थेत 'तक्रार' धरलं जात नाही. केंद्राचा ठराव असो की तो अमलात न आलेला कायदा, नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे केलेली तक्रारच तेवढी संरक्षित. बहुतेक प्रामाणिक कर्मचारी पहिल्यांदा आपल्या साहेबालाच सांगतात आणि त्रास तिथूनच सुरू होतो. म्हणजे संरक्षण सुरू व्हायच्या आधीच शिक्षा होऊन जाते. कागद तरीही हवा, पण त्याने ढाल मिळेल असं समजू नका. त्याचा उपयोग पुढे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात होतो.

तिथे जो कायदा कामाला येतो त्याच्या नावात जागल्या कुठेच नाही. महाराष्ट्राचा 2005 चा बदल्यांचा कायदा. एका पदावर साधारण तीन वर्षं. त्याआधी बदली करायची तर कलम 4(5) खाली विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. भाऊ तिथे येऊन वर्षही झालेलं नाही. बदली आलीच तर आदेशात आणि त्यामागच्या टिपणीत कारण काय लिहिलंय ते आधी मागवा. कारणच नसेल किंवा नुसती 'प्रशासकीय निकड' असेल, तर मॅट असे आदेश रद्द करते, मी स्वतः तोंडावर पडलेले आदेश पाहिलेत. इथे 'मला तक्रारीमुळे छळलं' हे सिद्ध करावं लागत नाही. कारणं नोंदवली नाहीत एवढं दाखवलं तरी पुरतं. म्हणून मी म्हणतो, जागल्यांच्या कायद्यापेक्षा हा कोरडा कायदा त्याला जास्त वाचवेल.

पण वेळ गाठावी लागते. बऱ्याचदा आदेशासोबतच एकतर्फी कार्यमुक्त करतात आणि जागेवर दुसरा माणूस हजर होतो. मग स्थगिती अवघड जाते. वकील आधीच बोलून ठेवा.

पूर्वा_मेरिलँड

मी इथे अमेरिकेत केंद्रीय खात्यात काम करते. आपल्याकडे कायदा लागूच नाही हे वाचून वाईट वाटलं, पण इथला कायदा 1989 पासून लागू आहे आणि तरी काय झालं ते सांगते. छळ झालेला कर्मचारी शेवटी एका तीन सदस्यांच्या मंडळाकडे अपील करतो. त्या मंडळाची गणसंख्या जानेवारी 2017 पासून मार्च 2022 पर्यंत नव्हती, कारण सदस्यच नेमले गेले नव्हते. पाच वर्षं अंतिम निकाल नाही. साडेतीन हजारांहून जास्त प्रकरणं साचली. माझ्या एका सहकाऱ्याचं त्यात होतं, निकाल लागेपर्यंत तो निवृत्त झाला होता. कायदा चांगला असून रिकाम्या खुर्चीमुळे अडला. तुमच्याकडे मॅटला किती वेळ लागतो?

जुना_टिपणीकार

बदलीत अंतरिम स्थगिती मिळायची तर काही दिवसांत मिळते, कारण ती निकड त्यांना कळते. विभागीय चौकशीचं उलट. ती संपतच नाही, आणि खरी शिक्षा त्या लांबण्यातच आहे. दोषारोप पत्र दिलेलं असलं की पदोन्नतीच्या वेळी नाव मोहोरबंद पाकिटात जातं, म्हणजे पदोन्नती अडून राहते. निवृत्तीपर्यंत चालली तर तात्पुरतं पेन्शन मिळतं आणि ग्रॅच्युइटी अडते. शेवटी निर्दोष सुटला तरी मधली वर्षं कोणी परत देत नाही.

संजीव चतुर्वेदींचं पाहा. भारतीय वन सेवेतले अधिकारी. हरियाणात निलंबन, दोषारोप, राष्ट्रपतींच्या पातळीवर ते रद्द. मग दिल्लीच्या एम्समध्ये मुख्य दक्षता अधिकारी, ऑगस्ट 2014 मध्ये तिथून हटवलं. 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच 2015-16 या वर्षाच्या गोपनीय अहवालात त्यांना शून्य गुण. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने या वादात केंद्र आणि एम्सवर सूडबुद्धीबद्दल ताशेरे ओढून 25,000 रुपयांचा खर्च बसवला. त्यांच्याकडे नाव होतं, पुरस्कार होता, स्वतः कोर्टात उभं राहायची जिद्द होती. तरी लढण्यातच कारकीर्द गेली. आदित्य, प्रसिद्धीने माणूस सुरक्षित होतो हे तुमचं म्हणणं इथे तपासून पाहा. प्रसिद्धीने जीव वाचतो कदाचित, नोकरी वाचत नाही.

आदित्य_पी

जीव वाचणं ही काही छोटी गोष्ट नाही. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधन भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं. त्यांच्यामागे त्या क्षणी लोक उभे असते तर?

खडी_आणि_डांबर

सोनवणेसाहेब तक्रारदार नव्हते, प्रत्यक्ष कारवाई करत होते. भेसळ करणाऱ्या टोळीसमोर पोलीस सोबत नसताना गाठ पडली. तो प्रश्न पोलीस संरक्षणाचा. दोन्ही एकत्र केलं की दोन्हींची उत्तरं बिघडतात. मला त्यांच्याबद्दल बोलताना आजही त्रास होतो, म्हणून थांबतो.

अनघा_बँकेतली

सावनी, एक विचारायचं होतं. कोअरची मागणी केली आणि साहेबांनी उत्तरच दिलं नाही, किंवा तोंडी सांगितलं सोडून दे, तर? माझ्याकडे तेच झालं होतं. लेखी कोणी काही देत नाही.

खडी_आणि_डांबर

मग स्मरणपत्र, आणि त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याला, 'माहितीस्तव'. तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी पत्र: आपण आज तोंडी अमुक सांगितलंत, कृपया लेखी मिळावं. वर्तणूक नियमांतही वरिष्ठाने तोंडी आदेश शक्य तितक्या लवकर लेखी करावा असंच आहे. लेखी देतील असं नाही. पण सही न करण्याचं कारण फाईलवर राहतं. तेवढ्यात साहेब एमबी त्याच्याकडून काढून दुसऱ्या अभियंत्याकडे देतील, तयारी ठेवा. तसं झालं तर एमबी कोणत्या तारखेला, कोणत्या पानापर्यंत नोंदी असताना सुपूर्द केली, याची पोच घ्या.

जुना_टिपणीकार

इथे माझं थोडं वेगळं मत. कार्यकारी अभियंत्याकडे प्रत जाईपर्यंत थांबलं तर बिल निघून जाईल. पैसे गेले की कोअर घ्यायला कोणाला घाई नसते. पहिल्या पत्राला आठवड्यात उत्तर नाही आलं तर खात्याच्या दक्षता पथकाकडे किंवा लोकायुक्तांकडे जावं. लोकायुक्तांकडे प्रतिज्ञापत्रासह, नाव देऊनच. लाच मागितली असेल तरच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, म्हणजे एसीबीचा, 1064 हा फोन क्रमांक, नुसत्या खोट्या नोंदीला एसीबीचा सापळा लागत नाही.

खडी_आणि_डांबर

दक्षता पथकातला अभियंता तीन वर्षांनी परत त्याच मंडळात येतो हो. तो कोअर कुठे घ्यायचे हे ठेकेदाराला विचारून घेतो, असं मी पाहिलंय. मी तरी आधी कार्यकारी अभियंत्यालाच अडकवेन.

सावनी_के

सगळ्यांचे आभार. काकांच्या पद्धतीने पत्र लिहून त्याने आज दिलं, आवक क्रमांक मिळाला. साहेबांनी वाचून काही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाबा अजून चिडलेत, पण पत्राची प्रत त्यांनीच वाचून शुद्धलेखन तपासलं. दक्षताकडे जायचं की कार्यकारी अभियंत्याकडे, यावर दोघांचं एकमत नाही हे कळलं. त्याला वाटतं आठवडा थांबावं. मला वाटतं थांबू नये, कारण मार्च जवळ येतोय आणि बिलं भराभर निघतात.

टिपणीकार काका, आधीच्या अभियंत्याने एमबीवर तारीख घातलेली नाही अशी दोन पानं आहेत. त्यांचे फोटो भावाने काढून ठेवावेत का? की तो कार्यालयीन अभिलेख बाहेर नेल्याचा आरोप होईल?

जुना_टिपणीकार

फोटो घरी नेऊ नका. कोअरच्या स्मरणपत्रातच लिहा की अमुक क्रमांकाच्या एमबीच्या अमुक पानांवर मोजमापाची तारीख आढळत नाही, ती नोंदवून मिळावी. पान क्रमांकासकट. मग त्या पानांवर नंतर तारीख उमटली तर ती कधी उमटली हे त्या पत्रावरूनच कळेल.

खडी_आणि_डांबर

आणि ते पत्र उद्याच द्या, आठवडा नको.